विश्लेषण : कॉक्लिअर इम्प्लांटचा खर्च आरोग्य विमा कुठवर उचलतो?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांटमुळे ऐकू येऊ शकते, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक असते. ‘आपला मेडिक्लेम आहे, त्यातून होईल’ असाही अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात एकाच उपचाराचे विमा कंपनी तीन तुकडे करते : शरीरात बसणारा भाग, शरीराबाहेर राहणारा भाग आणि नंतरचे प्रशिक्षण. तिन्हींना नियम वेगवेगळे लागतात आणि शेवटचे दोन तुकडे बहुधा पालकांच्याच खिशावर पडतात.

हे यंत्र नेमके काय करते?

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. पण अंतर्कर्णातल्या शंखाकृती भागातील, म्हणजे कॉक्लियातील सूक्ष्म केसपेशीच काम करत नसतील, तर मोठा केलेला आवाजही पुढे पोहोचत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वळसा घालते. कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे संकेतांत रूपांतर करतो आणि डोक्याच्या कातडीवर चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून ते आत पाठवतो. कातडीखाली बसवलेला भाग ते संकेत घेतो आणि कॉक्लियात सरकवलेल्या बारीक इलेक्ट्रोडच्या तारेतून थेट श्रवणनस उत्तेजित करतो.

म्हणजे यंत्राचा आतला भाग शस्त्रक्रियेने बसतो आणि तो वर्षानुवर्षे तिथेच राहावा अशी अपेक्षा असते. बाहेरचा प्रोसेसर मात्र रोज झोपताना काढायचा, सकाळी लावायचा, त्याची बॅटरी बदलायची, पावसाळ्यात दमट हवेपासून जपायचा. बाहेरचा भाग नसेल तर आतल्या भागाचा काहीच उपयोग नाही. वैद्यकीयदृष्ट्या ते एकच यंत्र आहे. विम्याच्या कागदावर तसे राहत नाही.

शस्त्रक्रियेनंतर लगेच ऐकू येत नाही. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र ‘स्विच ऑन’ केले जाते. मग ऑडिओलॉजिस्ट प्रत्येक इलेक्ट्रोडवर किती विद्युत्प्रवाह द्यायचा हे मुलाच्या प्रतिसादावरून ठरवतो. याला मॅपिंग म्हणतात. पहिल्या वर्षात ते वारंवार करावे लागते, नंतर वर्षाला एक-दोनदा. त्याच्या जोडीला ऐकण्या-बोलण्याचे प्रशिक्षण, म्हणजे ऑडिटरी व्हर्बल थेरपी, दोन-तीन वर्षे चालते. मेंदूला हे आवाज नवे असतात. ‘आई’ हा शब्द कुठला आणि पंख्याची घरघर कुठली, हे त्याला शिकावे लागते.

वयाची घाई आणि विम्याची प्रतीक्षा

मेंदूचा ऐकण्याशी जोडलेला भाग पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वाधिक घडतो. त्यामुळे जन्मतः बहिऱ्या मुलावर ही शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी भाषा चांगली येते. बाळाची पहिल्या महिन्यात श्रवण चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असा आदर्श क्रम सांगितला जातो. आपल्याकडे अनेक मुलांचे निदान ‘दीड वर्षाचा झाला तरी बोलत नाही’ म्हणून डॉक्टरांकडे नेल्यावर होते.

इथे विम्याचे घड्याळ आडवे येते. पॉलिसी घेताना आधीपासून असलेल्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते. विमा नियामक ‘इर्डाई’ने २०२४ मध्ये ही मर्यादा ४८ महिन्यांवरून खाली आणली. हृदयाच्या वा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी एखादा प्रौढ तीन वर्षे कशीबशी काढेलही. बहिऱ्या मुलाच्या बाबतीत ती तीन वर्षे म्हणजेच उपचाराचा मुख्य काळ. निदानानंतर काढलेली पॉलिसी या शस्त्रक्रियेसाठी व्यवहारात निरुपयोगी ठरते, ती एवढ्यासाठी.

त्याहून कडक तरतूद आणखी एक आहे. पॉलिसी देण्यास साफ नकार देण्याऐवजी काही आजार ग्राहकाच्या संमतीने कायमचे वगळून पॉलिसी देण्याची मुभा ‘इर्डाई’ने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत कंपन्यांना दिली. त्या आजारांच्या यादीत कर्करोग, अपस्मार, मूत्रपिंडाचा जुनाट विकार यांच्याबरोबर ‘श्रवणशक्ती गमावणे’ही आहे. म्हणजे निदान झालेल्या मुलाला नव्या पॉलिसीत घेताना कंपनी ‘ऐकण्याशी संबंधित काहीही देणार नाही’ अशी अट लिहून घेऊ शकते आणि पालकांनी सही केली की ती अट पॉलिसीभर चालते.

मग जन्मजात बहिरेपण म्हणजे ‘आधीचा आजार’ का?

वादाचा खरा मुद्दा हाच आहे आणि इथे पालकांची बाजू वाटते तितकी कमकुवत नाही. मूल जन्मतः बहिरे होते, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा, असे कंपनीचे पत्र येते. पण नियमातील व्याख्या वेगळी आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ३६ महिन्यांत डॉक्टरांनी ज्याचे निदान केले किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सुचवला अथवा दिला, तो ‘आधीचा आजार’. तो शरीरात कधीपासून होता याला या व्याख्येत महत्त्व नाही. डॉक्टरांच्या कागदावर तो कधी आला याला आहे. तिसऱ्या महिन्यात पॉलिसीत नाव घातलेल्या आणि चौदाव्या महिन्यात निदान झालेल्या मुलाचे बहिरेपण या व्याख्येत बसत नाही.

म्हणूनच प्रसूतिगृहाचे डिस्चार्ज कार्ड महत्त्वाचे ठरते. नवजात बाळाच्या श्रवण चाचणीत ‘पुन्हा तपासा’ असा शेरा असेल आणि पॉलिसीत नाव त्यानंतर घातले असेल, तर कंपनी तो शेरा ‘वैद्यकीय सल्ला’ म्हणून पुढे करते. अर्ज भरताना हा शेरा लपवणे हा त्यावर उपाय नव्हे. माहिती दडवल्याच्या कारणावरून दावाच नव्हे, तर सगळ्या कुटुंबाची पॉलिसी रद्द होऊ शकते.

दुसरा मुद्दा ‘जन्मजात व्यंगा’चा. विम्याच्या भाषेत जन्मजात व्यंग दोन प्रकारचे : शरीराच्या दिसणाऱ्या भागातले बाह्य आणि न दिसणारे आंतरिक. कानाची पाळीच नसणे हे बाह्य. कॉक्लियातील दोष हे आंतरिक. आंतरिक जन्मजात आजार आणि आनुवंशिक विकार सरसकट वगळता येणार नाहीत, असे २०१९ च्याच सूचनांत म्हटले आहे. दावा ‘जन्मजात व्यंग’ एवढेच लिहून नाकारला असेल, तर कोणते व्यंग आणि पॉलिसीच्या कोणत्या कलमानुसार, हे विचारायला हवे. मात्र अनेक पॉलिसींत आंतरिक जन्मजात आजारांसाठी दोन वर्षांची वेगळी प्रतीक्षा असते, ती लागू होतेच.

एवढे सगळे पार केले तरी एक भिंत उरते. काही पॉलिसींच्या वगळणीच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर यांच्याच ओळीत ‘कॉक्लिअर इम्प्लांट आणि त्यासंबंधीची प्रक्रिया’ असे छापलेले असते. आजार वगळायचा नाही, पण त्यावरचे यंत्र वगळायचे, असा हा प्रकार. कवटी उघडून मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची ‘डीप ब्रेन स्टिम्युलेशन’ ही शस्त्रक्रिया नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहे आणि ती कंपन्यांना द्यावी लागते. कॉक्लिअर इम्प्लांट त्या बारा उपचारांत नाही. कंपन्यांना यंत्र वगळण्याची मोकळीक राहते ती या फटीतून.

नोकरीतील ग्रुप पॉलिसी किती तारते?

खासगी नोकरदारांना खरा आधार मिळतो तो ग्रुप मेडिक्लेमचा. त्यात बहुधा प्रतीक्षा कालावधी माफ असतो आणि बाळ पहिल्या दिवसापासून सामील करता येते. तरीही कॉक्लिअर इम्प्लांटसाठी विमा रकमेच्या ठरावीक टक्क्यांची मर्यादा किंवा ‘फक्त आतला भाग देय’ अशी अट पुष्कळ ग्रुप पॉलिसींत असते. कर्मचाऱ्याकडे ई-कार्ड असते, पूर्ण अटींची प्रत मनुष्यबळ विभागाकडे असते. ती आधी मागून घेणे हे पहिले काम.

हिशेब कसा चालतो हे एका उदाहरणातून पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. सोलापूरच्या एका कुटुंबातले दीड वर्षाचे मूल, वडील पुण्यात नोकरीला, ग्रुप पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५ हजार रुपये, बाहेरचा प्रोसेसर पॉलिसीत देय नाही. एका कानाच्या शस्त्रक्रियेचे एकूण बिल १० लाख १० हजार. त्यात यंत्राचे ८ लाख ५० हजार आणि रुग्णालयाचे १ लाख ६० हजार. कुटुंबाने दिवसाला ८ हजारांची खोली घेतली, दोन दिवस.

पहिली अडचण यंत्राच्या बिलाची. पुरवठादार ‘कॉक्लिअर इम्प्लांट सिस्टम, १ नग’ असे एका ओळीचे बिल देतो. आतला भाग किती आणि बाहेरचा किती, हे कळत नाही म्हणून टीपीए शंका काढते आणि कॅशलेसची मंजुरी अडते. पुरवठादाराकडून फोड मागवली जाते : आतला भाग ४ लाख ६० हजार, बाहेरचा ३ लाख ९० हजार. ही फोड आणि दोन्ही भागांचे अनुक्रमांक शस्त्रक्रियेआधीच्या मंजुरीच्या अर्जासोबत गेले तर पुढचे आठ-दहा दिवस वाचतात.

दुसरी अडचण खोलीभाड्याची. पात्रतेपेक्षा महाग खोली घेतली की कंपनी बिलाचे इतर भागही त्याच प्रमाणात कापते. इथे प्रमाण आठात पाच. खोलीचे १६ हजारांऐवजी १० हजार. शल्यचिकित्सक, भूल आणि शस्त्रक्रियागृहाचे १ लाख ४ हजारांऐवजी ६५ हजार. औषधे, तपासण्या व साहित्य ४० हजारांचे. त्यातील ४ हजारांच्या न देय वस्तू वजा जाता ३६ हजार. रुग्णालयाच्या १ लाख ६० हजारांतून १ लाख ११ हजार मंजूर.

आता खरी मेख. हीच प्रमाणशीर कपात कंपनीने इम्प्लांटलाही लावली, तर ४ लाख ६० हजारांचे २ लाख ८७ हजार ५०० होतात आणि एकूण मंजुरी येते ३ लाख ९८ हजार ५००. पण औषधे व साहित्य, तपासण्या आणि इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणे यांना ही कपात लावता येणार नाही, असे ‘इर्डाई’ने २०२० मध्येच स्पष्ट केले आहे. नियमाप्रमाणे ४ लाख ६० हजार अधिक १ लाख ११ हजार, म्हणजे ५ लाख ७१ हजार होतात आणि विमा रकमेच्या मर्यादेमुळे ५ लाख मिळतात. एका चुकीच्या कपातीचा फरक १ लाख १ हजार ५०० रुपयांचा. मंजुरीपत्रातील कपातीच्या रकान्यात इम्प्लांटसमोर काही आकडा दिसला, की हे घडल्याचे समजावे.

बरोबर हिशेब होऊनही कुटुंबाच्या वाट्याला ५ लाख १० हजार आले. शिवाय ५ लाख संपले म्हणजे नूतनीकरणापर्यंत त्या पॉलिसीत आई-वडिलांसाठीही काही उरले नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांतला खर्च पॉलिसीत देय असतो आणि स्विच ऑन व सुरुवातीचे मॅपिंग नेमके त्या काळात येते. पण रक्कमच संपल्याने त्याचाही लाभ नाही. पती-पत्नी दोघांच्या नोकरीत ग्रुप पॉलिसी असेल आणि मूल दोन्हींत असेल, तर उरलेल्या देय रकमेसाठी दुसऱ्या पॉलिसीत दावा करता येतो. हा मार्ग अनेकांच्या लक्षातच येत नाही.

प्रोसेसर जुना झाला की काय?

आतल्या भागाची हमी साधारण दहा वर्षांची असते, बाहेरच्या प्रोसेसरची तीन ते पाच वर्षांची. आतला भाग बिघडला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते; ती दाखल होऊन होते, म्हणून निदान दावा तरी करता येतो. हमीत यंत्र मोफत मिळाले तरी रुग्णालयाचा खर्च असतोच. प्रोसेसर मात्र दवाखान्यात बसून दहा मिनिटांत बदलला जातो. रुग्णालयात भरती नाही, म्हणून दावा नाही. त्याची किंमत लाखांत असली तरी विम्याच्या लेखी तो चष्म्यासारखा.

यात आणखी एक गुंता आहे. ज्या कंपनीचा भाग आत बसला, तिचाच प्रोसेसर बाहेर चालतो. ऑस्ट्रेलियाची कॉक्लिअर, ऑस्ट्रियाची मेड-एल, अमेरिकेतील अॅडव्हान्स्ड बायोनिक्स, कोणतीही घ्या. एकदा निवडली की ती मुलाबरोबर आयुष्यभर राहते. काही वर्षांनी कंपनी जुने मॉडेल बंद करते, मग त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. प्रोसेसर चालू असूनही केबल मिळत नाही म्हणून शाळकरी मुलाचे ऐकणे थांबते. अमेरिकेतील मेडिकेअर अशा उपकरणांचे वाजवी आयुष्य पाच वर्षे धरते आणि त्यानंतर यंत्र निकामी झाल्यास बदलाचा विचार करते. केवळ नवे मॉडेल आले म्हणून पैसे तिथेही मिळत नाहीत. आपल्याकडच्या किरकोळ पॉलिसींत अशी कालमर्यादाच नाही.

त्यामुळे पहिल्या खरेदीच्या वेळी वाटाघाटी करायच्या त्या किमतीपेक्षा हमीवर. प्रोसेसरची हमी किती वर्षे, ती वाढवून मिळते का, कॉइल आणि केबल हमीत आहेत का, मॉडेल बंद झाल्यावर सुटे भाग किती वर्षे मिळतील, जुना प्रोसेसर परत दिल्यास नव्यावर किती सूट, हे लेखी घ्यायचे. यंत्र हरवणे, चोरी आणि अपघाती तुटफूट यांसाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांची ‘ऑल रिस्क’ प्रकारची पॉलिसी उपयोगी पडू शकते, पण झीज आणि जुनेपणा तिच्यातही येत नाही.

थेरपीचे पैसे कोण देते?

बहुधा कोणीच नाही. आठवड्याला दोन सत्रे, सत्राला ७०० रुपये धरले, तर महिन्याला ५ हजार ६०० आणि दोन वर्षांत १ लाख ३४ हजार ४०० होतात. प्रवास आणि आईने सोडलेली नोकरी यांचा हिशेब वेगळाच. आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल होण्याभोवती रचलेला आहे आणि थेरपी ही बाह्यरुग्ण सेवा. ओपीडीचे जादा संरक्षण घेतले तरी त्यातील रक्कम वर्षाला काही हजारांची असते आणि स्पीच थेरपी त्यात आहे की नाही हे पाहावे लागते. थेरपीला पैसे देणारी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ योजना अनेकांना सुचवली जाते, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. केवळ बहिरेपण तिच्यात बसत नाही.

प्राप्तिकरात थोडी सवलत आहे. अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीचे उपचार, प्रशिक्षण आणि पुनर्वसन यांसाठी कलम ८०डीडीनुसार ७५ हजार, तर अपंगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १ लाख २५ हजारांची वजावट मिळत आली आहे. ती जुन्या करप्रणालीतच, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावरच.

सरकारी मार्ग कोणता?

कमी उत्पन्नाच्या कुटुंबासाठी केंद्राची ‘एडिप’ योजना विम्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. २०१४ च्या सुधारित योजनेत एका इम्प्लांटसाठी ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली आणि शस्त्रक्रियेनंतरचे मॅपिंग व प्रशिक्षणही तिच्यात धरले गेले. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची समन्वयक आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट १ ते ५ वर्षांची, म्हणून खासगी विम्याच्या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा दोन्ही अर्ज एकाच वेळी करणे शहाणपणाचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत जन्मजात बहिरेपण येते. अंगणवाडीतून जिल्हा त्वरित निदान केंद्राकडे चिठ्ठी मिळाली, तर पुढची वाट सोपी होते.

हमी संपल्यावरचा प्रश्न या मुलांनाही चुकत नाही. केरळने ‘श्रुतितरंगम’ योजनेतून मुलांना इम्प्लांट दिले. पुढे त्या मुलांचे प्रोसेसर जुने होऊ लागल्यावर दुरुस्ती आणि अपग्रेडसाठीही सरकारला पैशांची सोय करावी लागली.

दावा नाकारला तर?

आधी पत्रात कलम शोधायचे. पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख केल्याशिवाय आणि कंपनीच्या दावा आढावा समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारता येणार नाही, असे ‘इर्डाई’ने मे २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. ‘पॉलिसीत बसत नाही’ एवढेच पत्र आले असेल, तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. सोबत निदानाच्या बेरा चाचणीचा तारखेसह अहवाल, श्रवणयंत्र लावून पाहिल्याची नोंद, पॉलिसीत मुलाचे नाव घातल्याची तारीख आणि यंत्राची दोन भागांतली फोड जोडावी. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालये आहेत, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. इम्प्लांटवरची प्रमाणशीर कपात किंवा ‘आधीचा आजार’ या व्याख्येचा वाद असेल, तर नियम पालकांच्या बाजूने आहे. पॉलिसीत ‘कॉक्लिअर इम्प्लांट’ हे शब्द लिहूनच वगळले असतील, तर तिथे लढण्यापेक्षा ‘एडिप’ आणि धर्मादाय रुग्णालयांकडे वळण्यात वेळ वाचतो.